पिरॅमिडचे दगड ओढले कसे: चिखल, दोर आणि थोडासा हिशोब

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा चुनखडीचा ठोकळा डोळ्यासमोर आणा. कमरेच्या थोडा वर येतो, बघायला काही फार मोठा वाटत नाही, पण वजन साधारण अडीच टन. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये, म्हणजे खुफू राजाच्या, असे सरासरी अडीच टनाचे अंदाजे २३ लाख दगड आहेत, आणि हे सगळं साडेचार हजार वर्षांपूर्वी झालं जेव्हा क्रेन नाही, इंजिन नाही, लोखंडाची अवजारं नाहीत आणि फिरती कप्पीसुद्धा नव्हती. मग लोक लगेच परग्रहवासी वगैरे आणतात मधे. मला त्याचा राग येत नाही, पण एक गोष्ट खटकते, की हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण दगडाचं वजन बघून घाबरतात आणि तिथेच थांबतात. दगड उचलायला त्याच्या वजनाएवढा जोर लागतो हे खरं, पण दगड सरकवायला त्या वजनाचा कितवा हिस्सा जोर लागतो हे खाली काय आहे त्याच्यावर ठरतं.

घरी कपाट सरकवलंय ना कधी? कोरड्या फरशीवर दोन माणसं घाम गाळतात आणि कपाट किंचाळत जेमतेम वीतभर सरकतं, मग कोणीतरी शहाणं माणूस म्हणतं थांबा, पायांखाली ओलं गोणपाट घाला, आणि मग तेच कपाट एकटा माणूस खोलीभर फिरवतो. वजन तेच, माणूस तोच, बदललं फक्त घर्षण. पुढचा सगळा लेख जवळजवळ ह्याच गोणपाटाबद्दल आहे.

आता पुरावा. इजिप्तमध्ये देर अल-बर्शा नावाच्या ठिकाणी जेहुतीहोतेप नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याचं थडगं आहे, इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपासचं, म्हणजे खुफूच्या पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांनी. त्याच्या भिंतीवर एक चित्र होतं (होतं म्हणतोय कारण १८९० च्या सुमारास कोणीतरी ते बरंच फोडून नेलं, नशीब की आधीची रेखाटनं आणि फोटो शिल्लक आहेत). चित्रात त्याचा स्वतःचा बसलेला भलामोठा पुतळा एका लाकडी घसरगाडीवर ठेवलाय आणि चार रांगांत मिळून १७२ माणसं तो दोरांनी ओढतायत. शेजारच्या मजकुरात पुतळ्याची उंची १३ हात दिलीय, इजिप्शियन हात आपल्या हातापेक्षा थोडा मोठा, म्हणजे जवळपास ६.८ मीटर, आणि त्यावरून अभ्यासकांनी वजन काढलंय अंदाजे ५८ टन. दगड हातनुबच्या खाणीतला, नदीपासून बराच आत वाळवंटात, आणि मजकुरात रस्ता फार अवघड होता असंही लिहून ठेवलंय.

हे चित्र जवळून बघण्यासारखं आहे कारण काढणाऱ्याने कामाच्या गोष्टी सोडल्या नाहीत. पुतळ्याच्या मांडीवर एक माणूस उभा आहे आणि टाळ्या वाजवतोय. तो नाचायला नाही चढलाय, तो ताल देतोय, कारण १७२ जणांनी आपापल्या मर्जीने ओढलं तर एकाचा जोर दुसऱ्याच्या विश्रांतीत जातो आणि गाडी हलत नाही, आपल्याकडेही रथ ओढताना नाहीतर मोठा दगड ढकलताना एकजण आरोळी देतो आणि बाकीचे त्यावर हिसका मारतात, तसंच. पुतळ्याच्या कडांना जिथे दोर घासतो तिथे पॅडसारखं काहीतरी घातलंय म्हणजे दोर कापला जाऊ नये आणि पुतळ्याची कडही उडू नये. दोरात काठ्या घालून पीळ दिलाय म्हणजे बांधणी सैल पडणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घसरगाडीच्या पुढच्या टोकावर एक माणूस उभा राहून घागरीतून जमिनीवर काहीतरी ओततोय, आणि खाली आणखी माणसं घागरी आणून देतायत.

बरीच वर्षं लोक म्हणायचे की हे धार्मिक विधी असावेत, पाणी शिंपडून रस्ता पवित्र करतायत. असेलही, पण घागरीची ये-जा बघितली तर विधीपेक्षा पाणीपुरवठा वाटतो. २०१४ मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठात डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला, छोटी घसरगाडी वाळूवर ओढायची आणि वाळूत पाणी थोडं थोडं वाढवत जायचं. कोरड्या वाळूत काय होतं की गाडीच्या तोंडाशी वाळूचा ढीग जमतो आणि तुम्ही गाडी ओढताय की ढीग ढकलताय तेच कळत नाही. थोडं पाणी घातलं की वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, वाळू घट्ट होते, ढीग जमत नाही आणि लागणारा जोर साधारण निम्म्यावर येतो. पाणी जास्त झालं की पुन्हा बिघडतं. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरजच नाही, किनाऱ्यावर गाडी घेऊन गेलात तर पाण्याजवळच्या ओल्या वाळूवर बाईक सुसाट जाते आणि वर कोरड्या वाळूत आलात की चाक रुतलंच.

पण इथे थोडं थांबूया, कारण बातम्यांमध्ये हा प्रयोग आला तेव्हा "रहस्य उलगडलं" असं छापून मोकळे झाले आणि कोणी साधा भागाकार केला नाही. ओल्या वाळूवर गाडी ओढायला वजनाच्या साधारण ३० टक्के जोर लागतो. ५८ टनांचे ३० टक्के म्हणजे १७.४ टन. ते १७२ माणसांत वाटले तर दरडोई १०० किलोचा ओढा येतो. एक धट्टाकट्टा माणूस दोर खांद्यावर घेऊन, अंग पुढे झोकून, दिवसभर चालत चालत ओढतोय तर तो २५-३० किलो, फार तर ३५ किलोचा ओढा देईल. हिसका मारताना जास्त देईल पण तो दोन-चार सेकंद. १०० किलो दिवसभर? शक्य नाही. म्हणजे एकतर चित्रकाराने माणसं कमी काढली (हे शक्य आहे, भिंत संपते हो शेवटी), नाहीतर खाली ओली वाळू नव्हती, आणखी काहीतरी निसरडं होतं.

ते काहीतरी म्हणजे चिखल. नाईलचा गाळ म्हणजे आपल्याकडच्या भातखाचरातल्या चिखलासारखा, बारीक आणि गुळगुळीत. आंरी शेव्रिए नावाचे फ्रेंच वास्तुतज्ज्ञ कर्नाकच्या मंदिरावर काम करायचे, त्यांनी १९३० च्या दशकात ओल्या गाळाच्या पट्ट्यावर पाच-सहा टनाचा दगड घसरगाडीवर ठेवून ओढून बघितला आणि जेमतेम सहा माणसांत काम झालं. माणशी जवळपास एक टन! इतकं रोज, मैलोनमैल जमेल असं मी म्हणणार नाही, पण जोर वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत उतरतो असं धरलं तर आपल्या चित्राचा हिशोब करून बघा. ५८ टनांचे १० टक्के ५.८ टन, भागिले १७२, म्हणजे दरडोई ३४ किलो. बसला ना बरोबर. चित्रकाराने माणसं नुसती अंदाजपंचे काढली असती तर आकडा इतका माणसाच्या ताकदीला धरून आला नसता असं मला वाटतं.

दोराचंही ह्याच हिशोबात कळतं. ५.८ टनांचा ओढा एका दोरावर टाकला तर गवताच्या किंवा खजुराच्या तंतूंचा मनगटाएवढा दोरसुद्धा धोक्यात येईल, पण चार दोर असले तर एकेकावर दीड टनाच्याही आत येतं, आणि चित्रात चारच दोर आहेत. दोर तुटणं ही ह्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण ताणलेला दोर तुटला की दोन्ही बाजूला चाबकासारखा परततो.

आणखी एक बारीक गोष्ट जी मला फार आवडते. चिखल निसरडा असेल तर ओढणाऱ्यांचे पाय पण घसरणार की. अनवाणी माणूस चिखलात उभा राहून ३० किलो ओढूच शकत नाही, तोंडावर पडेल. मग? परत चित्राकडे बघा, पाणी ओतणारा माणूस गाडीच्या टोकावर उभा आहे, म्हणजे ओढणारी सगळी माणसं त्या जागेवरून कोरड्यात पुढे गेली, शेवटचा माणूस गेला आणि मग गाडी यायच्या क्षणभर आधी तिथे पाणी पडलं. माणसांना कोरडं आणि गाडीला ओलं, दोन्ही एकाच रस्त्यावर. हे ज्याने ठरवलं त्याने हे काम स्वतः केलं असणार.

असे रस्ते सापडलेत पण. लिश्त इथे बांधकामाच्या वाटांवर आडवी लाकडं टाकून त्यात दगडाचा चुरा आणि चिखल भरलेला मिळाला, लाकडं बऱ्याच ठिकाणी जुन्या बोटींची मोडून वापरलेली. दक्षिणेला नुबियात मिर्गिस्सा इथे धबधब्यांच्या पट्ट्यात बोटी जमिनीवरून ओढून न्यायची चिखलाची वाट सापडली, रेल्वेच्या स्लीपरसारखी आडवी लाकडं आणि वर गाळ, त्या वाळलेल्या गाळात बोटीच्या तळाचे ओरखडे आणि ओढणाऱ्यांच्या पावलांचे ठसे सुद्धा राहिलेत.

लोक विचारतात मग खाली गोल ओंडके का नाही टाकले, सोपं नाही का ते? कागदावर सोपं आहे. गोल ओंडका कडक आणि सपाट जमिनीवरच नीट फिरतो, वाळूत तो रुततो, जरा तिरका पडला की गाडी बाजूला जाते, सगळे ओंडके सारख्या जाडीचे नसतील तर भार दोन-तीनवरच येतो आणि ते चिरडतात, आणि मागे सुटलेला ओंडका उचलून पुढे धावत आणायला वेगळी माणसं लागतात. त्यात इजिप्तमध्ये चांगलं लाकूड लेबनॉनहून बोटीने आणावं लागायचं. नाईलचा चिखल फुकट होता.

तर सपाटीवरचं झालं. आता अडीच टनाचा साधा दगड घेऊ. चिखलाच्या वाटेवर त्याला लागणार २५० किलोचा ओढा, म्हणजे आठ-नऊ माणसं. आणि हा दगड लांबून आणायचाच नव्हता बरं का, पिरॅमिडचा आतला बहुतेक दगड तिथल्याच, काही शे मीटरवरच्या दक्षिणेकडच्या खाणीतला आहे. बाहेरचा पांढरा गुळगुळीत दगड मात्र नदीपलीकडच्या तुरा इथून यायचा आणि त्याची चक्क डायरी मिळाली आहे. २०१३ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांना तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे मिळाले, लिहिलेले पपायरस म्हणून हे आतापर्यंतचे सगळ्यात जुने. त्यात मेरेर नावाचा मुकादम आहे, हाताखाली चाळीसेक माणसं, आणि तो रोजचा हिशोब लिहितो: आज तुराला दगड ओढले, रात्री तुरालाच मुक्काम, आज दगड भरून बोट सोडली, आज पिरॅमिडच्या बाजूला पोचलो. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. खुफूच्या शेवटच्या काळातली नोंद आहे ही. इतकी कंटाळवाणी नोंद की खोटी असूच शकत नाही. साइटवरच्या सुपरवायझरची वही असते तशीच.

बोटीचं महत्त्व एका वाक्यात सांगतो, पाण्यावर घर्षण जवळपास संपतं, म्हणून दगड जमिनीवरून जितका कमी न्यावा लागेल तितकं बरं, आणि म्हणून त्यांनी नाईलचा फाटा आणि कालवे काढून बंदर थेट पिरॅमिडच्या पायथ्याजवळ आणलं.

आता वर चढवायचं, जिथे खरी भांडणं चालतात.

चढावर दोन गोष्टी एकत्र येतात, घर्षण तर आहेच आणि शिवाय वजनाचा एक हिस्सा आता मागे खेचतो. चढ किती त्यावर तो हिस्सा ठरतो. दहा मीटर पुढे गेलात की एक मीटर वर, असा चढ म्हणजे १० टक्के, तर वजनाचे जवळपास १० टक्के मागे खेचणार. म्हणजे चिखलाच्या १० टक्क्यांत हे १० टक्के मिळवा, एकूण २०, अडीच टनाला ५०० किलोचा ओढा, सतरा माणसं. वीस धरा, कोणीतरी दमणारच. वीस माणसं एक अडीच टनाचा दगड दहात एक चढावर नेऊ शकतात, ह्यात चमत्कार कुठेच नाही.

मग गती किती लागते ते बघू. खुफूची कारकीर्द साधारण २७ वर्षं, तेवढ्यात २३ लाख दगड, दिवसाला सव्वादोनशे-अडीचशे, दहा तासांचा दिवस धरला तर अडीच मिनिटाला एक दगड वर पोचला पाहिजे. ऐकायला भयंकर वाटतं. पण एका टोळीने दिवसात चार-पाच फेऱ्या केल्या तर साठेक टोळ्या पुरतात, म्हणजे वाटेवर ओढणारी माणसं बाराशेच्या आसपास, बाकी खाणीत, दगड घडवण्यात, स्वयंपाकात, पाणी आणण्यात वेगळी. माणसं नाही, वाट तुंबते. अडीच मिनिटाला एक गाडी वर जातेय, तेवढ्याच रिकाम्या गाड्या खाली येतायत, एकाच रॅम्पवर, म्हणजे थोडक्यात सकाळचा घाटातला ट्रॅफिक. त्यामुळे एकापेक्षा जास्त वाटा असाव्यात असं मानायला जागा आहे, निदान खालच्या भागात तरी.

आणि खालच्या भागातच सगळं आहे! हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पिरॅमिड वर निमुळता होत जातो म्हणून त्याच्या उंचीच्या पहिल्या एक तृतीयांशात एकूण दगडांपैकी ७० टक्के दगड संपतात, आणि अर्ध्या उंचीपर्यंत साडेसत्त्याऐंशी टक्के. उंची मूळची १४६ मीटर, म्हणजे पन्नास मीटरपर्यंत पोचलात की काम जवळपास उरकलं. पन्नास मीटरपर्यंत १० टक्के चढाची सरळ वाट अर्धा किलोमीटर लांब होईल, ती खाणीकडूनच येत असेल तर फार काही नाही. पण तीच सरळ वाट शेंड्यापर्यंत न्यायची म्हटली तर दीड किलोमीटर लांब आणि तिला लागणारी माती-दगड स्वतः पिरॅमिडशी स्पर्धा करतील. म्हणून "एकच लांब रॅम्प" हा सिद्धांत पूर्ण इमारतीसाठी कोणी फारसं मानत नाही. काहीजण वर गेल्यावर पिरॅमिडलाच वळसे घालत जाणारी वाट सांगतात, काहीजण आतून वळणारी, काहीजण दोन्ही मिळून, आणि तिथे एकमत नाही.

वळसा घालणाऱ्या वाटेत एक अडचण आहे, कोपरा. वीस माणसांची रांग गाडीच्या पुढे दहा-बारा मीटर लांब असते, कोपऱ्यावर आल्यावर त्यांना जायला पुढे जागाच नाही, पुढे हवा आहे. मग कोपऱ्यावर खांब रोवून दोर त्याला वळवून ओढावं लागेल.

खांबांचा हा प्रकार आता नुसता तर्क नाही. २०१८ मध्ये हातनुबच्या खाणीतच, म्हणजे आपल्या ५८ टनी पुतळ्याचा दगड निघाला त्या भागात, फ्रेंच आणि लिव्हरपूल विद्यापीठाच्या पथकाने खुफूच्या काळातली एक वाट जाहीर केली. मधे घसरगाडीसाठी चढ, दोन्ही बाजूंना पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या कडेने खांब रोवायचे खोल खड्डे. आणि चढ चांगलाच खडा, २० टक्के आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. त्यांचं म्हणणं असं की दोर खांबांना वळवून काही माणसं वरून ओढत आणि काही खाली उतरत ओढत, म्हणजे उतरणाऱ्यांच्या अंगाचं वजनही कामाला येई.

मला स्वतःला त्या खांबांचा दुसरा उपयोग जास्त पटतो, ब्रेक. धक्क्यावर होडी बांधताना बघितलंय? खलाशी खुंट्याला दोराचे दोन वेढे देतो आणि टोक नुसतं हातात धरतो, एवढी मोठी होडी लाटेबरोबर खेचतेय तरी त्याचा हात सुटत नाही. लाकडाच्या खांबाला दोराचा एक पूर्ण वेढा दिला तर टोक धरणाऱ्याला समोरच्या ओढ्याच्या साधारण सहावा भाग जोर पुरतो, दोन वेढ्यांना चाळीसावा भाग. पण हेच उलट बघा, त्याच खांबावरून दोर ओढून काम करायला गेलात तर तेच घर्षण तुमचा जोर खातं, कप्पीसारखं फिरत नाही ना ते. म्हणजे खांब धरायला उत्तम आणि ओढायला खराब. आणि २० टक्के चढावर धरणं हीच खरी गरज आहे. चिखलाचं घर्षण १० टक्के आणि मागे खेच २० टक्के, म्हणजे माणसांनी श्वास घ्यायला दोर सैल सोडला की गाडी स्वतःहून मागे घसरणार. कपाटासारखी ती जागेवर उभी राहत नाही. चढाला चिखल निसरडा करताना हा धोका आपण स्वतःच ओढवून घेतो. दोन-चार पावलं ओढायचं, खांबावर वेढा आवळायचा, श्वास, परत ओढायचं. पायऱ्या पण त्याचसाठी, ओढणाऱ्याला पाय रोवायला आडवी कोरडी जागा.

आता मोठा मासा. राजाच्या खोलीवरचे ग्रॅनाइटचे तुळयांसारखे दगड आस्वानहून आणलेले, आठशे किलोमीटर बोटीने, आणि त्यातले मोठे पन्नास टनांच्या आसपास आणि काही त्याहून जड, जमिनीपासून पन्नास मीटर आणि वर नेऊन बसवलेले. पन्नास टन, १० टक्के चढ, चिखल, एकूण २० टक्के, म्हणजे १० टनांचा ओढा, तीनशे-साडेतीनशे माणसं. माणसं मिळतील, पण उभी कुठे राहणार? चार रांगा केल्या तरी रांग ऐंशी-नव्वद मीटर लांब. अरुंद वळणाच्या वाटेवर हे अशक्य. पण तेवढ्या उंचीला पिरॅमिड अजून अर्धवट आहे, वर सपाट ओटा आहे आणि त्या ओट्याची एक बाजू दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे माणसांनी वाटेवर उभंच राहायचं नाही, सरळ वर ओट्यावर जायचं, दोर खाली सोडायचे आणि सपाटीवर पाठमोरं चालत ओढायचं. पुतळ्याच्या चित्राचीच पद्धत, फक्त गाडी चढावर आणि माणसं वरच्या अंगणात. हे काम लवकर करून घ्यायला हवं होतं, कारण ओटा रोज लहान होतोय. १३० मीटर उंचीला बाजू जेमतेम सव्वीस मीटर उरते, तिथे साडेतीनशे माणसांची रांग कुठली, बांधकामाचा माल ठेवायला सुद्धा मारामार.

म्हणून शेंड्याचं तंत्र वेगळं असणार, आणि तिथे मला तरफ पटते, म्हणजे आपली पहार. लहानपणी गावी शेतात बांधाला एक मोठा काळा दगड आडवा आला होता, माझ्या कमरेएवढा, आणि मला वाटलं जेसीबी आणणार. तात्या आणि दोन गडी, दोन पहारी. एकाने पहार एका बाजूखाली घातली, पहारीखाली लहान दगडाचा टेकू दिला, टोकावर दोघांनी भार टाकला, दगड चार बोटं वर आला, आणि तिसऱ्याने लगेच खाली चपटा दगड सारला. मी हात घालायला गेलो तर तात्या खेकसले, "हात नको घालू, काठीने सार." मग दुसरी बाजू, मग परत पहिली. असं करत करत तासाभरात दगड गुडघाभर उंच चवडीवर आला आणि मग तो पलीकडे लोटून दिला.

अडीच टनाच्या ठोकळ्याला हेच लावा. एका वेळी एकच बाजू उचलायची म्हणजे सव्वा टन. लाकडी तरफेचा लांब भाग आखूड भागाच्या आठपट धरला तर टोकावर दीडशे-एकशे साठ किलो, म्हणजे तीन-चार माणसं. दरवेळी पाचेक सेंटीमीटर, खाली लाकडाचा ठोकळा सारा, दुसरी बाजू. एक थर सत्तर सेंटीमीटर उंच असेल तर चौदा-चौदा वेळा दोन्ही बाजूंनी. मंद आहे, पण जागा खूप कमी लागते, आणि शेंड्याकडे दगड कमी आणि बरेचसे लहान आहेत म्हणून मंद चालतं. धोका चवड डुगडुगण्याचा, चवड उंच झाली की तिचा तळ रुंद पाहिजे आणि ठोकळे आडवे-उभे रचायला पाहिजेत, नाहीतर एका बाजूचा ठोकळा निसटला की अडीच टन थेट खालच्या थरांवरून लोळत जाणार. म्हणूनच सगळा पिरॅमिड तरफेने उभारला असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, अडीच मिनिटाला एक दगड हे तरफेने होत नाही. खाली वाट, वर तरफ, असं.

हिरोडोटस हा ग्रीक लेखक पिरॅमिड बांधून दोन हजार वर्षं झाल्यावर तिथे फिरायला गेला आणि त्याने आखूड लाकडांच्या यंत्रांनी दगड एकेका पायरीवर चढवले असं लिहून ठेवलंय. त्याला सांगणाऱ्या पुजाऱ्यांनाही ते ऐकूनच माहीत असणार, तरी "आखूड लाकडं" आणि "एकेक पायरी" वाचलं की मला तात्यांचीच पहार दिसते.

आपल्याकडे वेरूळच्या कैलास लेण्यात ह्या सगळ्याला बगल दिलीय बघा, दगड वर न्यायचाच नाही, डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत यायचं, शिखर आधी आणि पाया शेवटी. तिथे प्रश्न दगड चढवायचा नव्हता, तोडलेला चुरा हलवायचा होता.

आता शेवटचा प्रश्न जो नेहमी येतो, इतक्या वाटा बांधल्या तर त्या गेल्या कुठे? बाहेरचा पांढरा दगड बसवताना त्याचा दर्शनी भाग खडबडीतच सोडलेला असायचा आणि शेवटी वरून खाली येत येत तासायचा, म्हणजे एक थर गुळगुळीत झाला की तिथली वाट मोडून खाली टाकायची, मग पुढचा थर. बांधकामाची परांची काढतात तशी वाट उतरत गेली. आणि तो मलबा सापडलाय. पिरॅमिडच्या दक्षिणेला ज्या खाणीतून दगड काढला ती खाण नंतर दगडाचा चुरा, जिप्सम आणि तिथली पिवळट चिकणमाती ह्यांनी गच्च भरलेली होती.